लिव्ह अँड लायसन्स करारनामा

मालक सौ. सुनंदा कदम, नौपाडा, ठाणे आणि भाडेकरू (लायसन्सी) श्री. निखिल पवार यांच्यात 1 जून 2025 रोजी.

सदनिका 704, कासारवडवली, ठाणे (प.). मुदत 11 महिने. भाडे दरमहा रु. 24,000, 5 तारखेच्या आत. अनामत रु. 75,000, बिनव्याजी.

लॉक-इन 6 महिने, दोघांनाही बंधनकारक. भाडेकरूने आधी घर सोडल्यास उरलेल्या लॉक-इनचे भाडे अनामतीतून वळते होईल. त्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस.

गळती, प्लंबिंगची भिंतीतली लाइन, वायरिंग मालकाकडे. नळाचा वॉशर, बल्ब, गीझरची सर्व्हिसिंग भाडेकरूकडे. बाथरूमच्या भिंतीला आजच ओल आहे, फोटो सोबत जोडले आहेत; त्याचे पैसे भाडेकरूकडून कापले जाणार नाहीत. ड्रिल करण्यापूर्वी विचारावे.

पोलीस पडताळणीसाठी भाडेकरूने आधार व फोटो द्यावेत. माहिती मालक पोलिसांकडे नोंदवतील. त्याआधी चावी मिळणार नाही. पोटभाडेकरू चालणार नाही.

मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होईल आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई लागेल. कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे मालक करणार नाहीत.

कलम 55 प्रमाणे नोंदणी मालक करतील, खर्च निम्मा-निम्मा.