कपाच्या फोनमध्ये कोणत्या दोरीतून आवाज मोठा येतो?

इयत्ता तिसरी, परिसर अभ्यास, प्रकल्प वही

आम्हाला बघायचं होतं की फोन तोच ठेवून फक्त दोरी बदलली, तर आवाज कमीजास्त होतो का.

चहाचे कागदी कप घेतले. बुडाला मधोमध सुईने भोक पाडलं, दोरी ओवली आणि आत हिराच्या काडीचा तुकडा बांधला, म्हणजे ओढलं तरी दोरी निसटत नाही. पहिलं भोक मोठं झालं आणि काडीसकट दोरी बाहेर आली. तो कप फुकट गेला. दोऱ्या चार होत्या: शिवणाचा सुती दोरा, सुतळी, आजीच्या विणकामाची लोकर आणि काकांनी दिलेली मासे पकडायची तंगूस. प्रत्येक दोरी ४ मीटर.

आधी आम्ही बोलूनच बघत होतो. पण माझी मैत्रीण कधी हळू बोलायची, कधी जोरात. मग कळणार कसं? म्हणून एका कपात टिकटिक करणारं छोटं घड्याळ ठेवलं. घड्याळ दर वेळी सारखंच वाजतं.

मी, मैत्रीण आणि आई असे तिघं ऐकणारे. ऐकणाऱ्याने डोळे मिटायचे, दुसऱ्या कानात बोट घालायचं आणि ५ पैकी गुण द्यायचे. कोणती दोरी लावली आहे ते आईला सांगितलं नव्हतं. तिघांचे मिळून १५ पैकी तंगूसला १३, सुती दोऱ्याला १०, सुतळीला ७ आणि लोकरीला फक्त २ गुण मिळाले. मला वाटलं होतं, सुतळी सगळ्यात जाड म्हणून तीच जिंकेल. तसं झालं नाही.

घड्याळाचा आवाज हवेतूनच येत असेल का? म्हणून दोरी सैल सोडली. काहीच ऐकू आलं नाही. ताणली की टिकटिक परत आली. ताणलेली दोरी मध्येच चिमटीत धरली, तर आवाज एकदम बंद! आणि मैत्रीण कपात बोलत असताना कपाच्या बुडाला हळूच बोट लावलं, तर बोटाला झिणझिणलं. आवाज म्हणजे हेच थरथरणं. ते कपाच्या बुडातून दोरीत जातं, दोरीतून दुसऱ्या कपाच्या बुडाला थरथरवतं आणि तिथली हवा हलून आपल्या कानात येते. तंगूस गुळगुळीत आणि घट्ट आहे, म्हणून थरथर पुढे जाते. लोकर मऊ आहे, ताणली की लांबते, आणि थरथर तिच्यातच जिरते.

मग तंगूसलाच कागदी कपांऐवजी जाड प्लॅस्टिकचे पेले लावले. १३ चे ८ गुण झाले. पेल्याचं बूड दाबलं तरी हलत नाही, कागदाचं पातळ बूड लगेच हलतं.

शेवटी स्वयंपाकघरातून पडवीत फोन न्यायचा होता. दोरी दाराच्या चौकटीला घासली आणि आवाज गेला. मैत्रिणीने तिथे दोरा टांगून त्याच्या फासातून तंगूस नेली. ती चौकटीला लागेनाशी झाली आणि पडवीतून आजीचं "जेवायला या गं" कपात ऐकू आलं, थोडं बारीक, पण स्पष्ट.