तोंडी परीक्षेची नमुना उत्तरे: बीएमआय, आदर्श वजन आणि ऊर्जेची गरज

सगळ्या उत्तरांसाठी एकच केस धरली आहे, कारण परीक्षकही बहुधा एकाच केसवर अर्धा तास काढतात. वय ३२, महिला, उंची १५६ सेंमी, वजन ६८ किलो. दिवसभर बसून काम, आठवड्यातून दोन-तीनदा चालायला जाते. आजार नाही, गरोदर नाही. उत्तरं पाठ करू नका. कागद-पेन घ्या, प्रत्येक आकडा स्वतः काढा आणि मग मोठ्याने बोलून बघा. आकडा एकदाच विचारतात, "हेच सूत्र का?" हे मात्र तीनदा विचारतात.

प्रश्न: बीएमआय म्हणजे काय?

सर, किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. एकक किलो प्रति चौरस मीटर. कल्पना बेल्जियमच्या ॲडॉल्फ केतले यांची, एकोणिसाव्या शतकातली. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये ॲन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी दिलं. केतले संख्याशास्त्रज्ञ होते, त्यांना लोकसंख्येतला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. एकेका माणसाच्या तब्येतीचा निकाल लावण्यासाठी हे माप जन्मलेलं नाही.

(शेवटची दोन वाक्यं जरूर बोला. पुढचे प्रश्न सोपे होतात.)

प्रश्न: या केसचा बीएमआय काढा.

१५६ सेंमी म्हणजे १.५६ मीटर. वर्ग २.४३३६. ६८ भागिले २.४३३६, उत्तर २७.९.

(इथे दरवर्षी दोन चुका होतात. एक, सेंटिमीटर तसेच ठेवून भागाकार. त्यात उत्तर इतकं भलतं येतं की स्वतःलाच कळतं. दुसरी जास्त घातक: वर्ग करायचा राहतो. ६८ भागिले १.५६ म्हणजे ४३.६ येतात. हा आकडा बीएमआयसारखा दिसतो, त्यामुळे मुलं शांतपणे "तीव्र लठ्ठपणा" सांगून मोकळी होतात. समोर बसलेली बाई तशी दिसते का, एवढं आधी पाहावं.)

प्रश्न: उंची मोजताना दोन सेंटिमीटरची चूक झाली तर?

उंचीचा वर्ग होतो, म्हणून चूकही वाढते. तिने चप्पल न काढता उंची दिली आणि आपण १५८ लिहिली, तर बीएमआय २७.२ येतो. ०.७ चा फरक किरकोळ वाटतो, पण २७.५ ची रेषा मधेच आहे. म्हणून चप्पल काढून, टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उंची घ्यायची. वजन कमी कपड्यांत, लघवी करून आल्यावर आणि दर वेळी शक्यतो त्याच काट्यावर.

प्रश्न: २७.९ म्हणजे कोणती श्रेणी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गवारीनुसार १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २४.९ सामान्य, २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. म्हणजे ही बाई 'जास्त वजन' गटात आहे. मात्र आशियाई लोकांमध्ये त्याच बीएमआयला शरीरातली चरबी सहसा जास्त असते आणि मधुमेह, हृदयविकाराचा धोका कमी बीएमआयपासूनच वाढतो. म्हणून संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे सुचवले. ती आशियाई असेल तर २७.९ म्हणजे जास्त जोखीम. कोणती वर्गवारी वापरली हे सांगितल्याशिवाय मी श्रेणी सांगणार नाही.

प्रश्न: बीएमआय कुठे फसतो?

स्नायू जास्त असलेल्या खेळाडूत तो विनाकारण जास्त दिसतो. उलट वयस्कर माणसाचे स्नायू झिजून चरबी वाढली तरी आकडा सामान्यच राहू शकतो. हे जास्त धोकादायक, कारण कोणी हटकत नाही. अंगावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर आपण पाण्याचंही वजन मोजतो. पाठीला बाक आला असेल तर उंची कमी भरते आणि बीएमआय फुगतो. गरोदरपणात गरोदर होण्याआधीचं वजन धरतात. मुलांना मोठ्यांच्या रेषा लावत नाहीत. ५ ते १९ वर्षांसाठी वयानुसार बीएमआय बघतात: सरासरीपासून एक प्रमाण विचलनापेक्षा वर जास्त वजन, दोनपेक्षा वर लठ्ठपणा. चरबी कुठे साठली हेही बीएमआय सांगत नाही, म्हणून सोबत कमरेचा घेर घ्यायचा. आशियाई लोकांत पुरुषांना ९० आणि महिलांना ८० सेंमी ही मर्यादा सहसा धरतात.

प्रश्न: आदर्श वजन किती?

मॅडम, तीन पद्धतींनी काढते. ब्रोकाचं सूत्र, उंची सेंमीत वजा १०० : ५६ किलो.

डिवाइनचं सूत्र, महिलांसाठी पहिल्या पाच फुटांना ४५.५ किलो आणि पुढच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो. १५६ सेंमी म्हणजे ६१.४ इंच, वरचे १.४ इंच, म्हणून ४८.८ किलो. पुरुषांसाठी सुरुवात ५० पासून, इंचाचा आकडा तोच.

बीएमआयवरून उलटं काढलं तर १८.५ ते २२.९ साठी ४५ ते ५५.७ किलो.

प्रश्न: तीन वेगळी उत्तरं आली. खरं कुठलं?

एकच खरं असं नाही. डिवाइनचं सूत्र १९७४ मध्ये औषधाचा डोस ठरवण्याच्या संदर्भात आलं, आहाराचं ध्येय ठरवायला ते बनवलेलंच नव्हतं. शिवाय पाच फुटांपेक्षा बुटक्या माणसाबद्दल ते काही बोलत नाही. ब्रोका पटकन अंदाज घ्यायला बरा, पण त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही आणि खूप उंच किंवा खूप बुटक्या माणसात तो घसरतो. मी बीएमआयवरून आलेली श्रेणी सांगेन, एक आकडा नाही.

आणि या बाईला ५५ किलोचं ध्येय पहिल्याच दिवशी देणार नाही. आत्ताच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे साधारण साडेतीन ते पावणेसात किलो, हा पहिला टप्पा. एवढं कमी झालं तरी रक्तदाब, साखर यांत फरक दिसू शकतो.

(हे उत्तर ऐकल्यावर बरेच परीक्षक वहीतून मान वर करतात.)

प्रश्न: बीएमआर आणि आरएमआर यांत फरक?

बीएमआर म्हणजे पूर्ण विश्रांतीत शरीर चालू ठेवायला लागणारी ऊर्जा, आरएमआर म्हणजे साध्या विश्रांतीतली. बीएमआर कडक नियमांत मोजतात: रात्रभराचा उपास, झोपून पण जागं, आरामदायक तापमान, आधी श्रम नाहीत. आरएमआरचे नियम थोडे सैल, म्हणून आकडा किंचित जास्त. रोजच्या कामात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण परीक्षेत वापरू नये. दिवसाच्या एकूण खर्चात साधारण ६० ते ७० टक्के वाटा विश्रांतीच्या चयापचयाचा, १० टक्क्यांच्या आसपास अन्न पचवण्याचा आणि उरलेला हालचालींचा.

प्रश्न: या केससाठी काढून दाखवा.

मिफ्लिन-सेंट जोर सूत्र घेते, १९९० चं. १० गुणिले वजन, अधिक ६.२५ गुणिले उंची सेंमीत, वजा ५ गुणिले वय. महिलांसाठी वजा १६१, पुरुषांसाठी अधिक ५.

६८० + ९७५ − १६० − १६१ = १३३४ किलोकॅलरी.

(इथे उंची सेंटिमीटरमध्ये, बीएमआयला मीटरमध्ये. घाईत १.५६ घातलं की उत्तर ३६९ येतं. इतक्या ऊर्जेवर मोठा माणूस जगत नाही, तेव्हा लगेच मागे फिरा.)

प्रश्न: हॅरिस-बेनेडिक्ट का नाही?

ते १९१९ चं, २३९ लोकांच्या मोजमापांवर बेतलेलं. याच केसला ते १४४४ देतं, म्हणजे ११० किलोकॅलरी जास्त. आजच्या प्रौढांत, विशेषतः वजन जास्त असलेल्यांत, मिफ्लिनचं उत्तर प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याच्या सहसा जास्त जवळ जातं. तरी दोन्ही अंदाजच. नेमकं हवं असेल तर अप्रत्यक्ष उष्मामापन, म्हणजे आत घेतलेला ऑक्सिजन आणि बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड मोजून.

प्रश्न: दिवसाची एकूण गरज?

हलक्या व्यायामासाठी १३३४ ला १.३७५ चा गुणक लावते: १८३४ किलोकॅलरी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, पद्धतीने बैठ्या जीवनशैलीची श्रेणी १.४० ते १.६९ आहे. तिथला सर्वांत खालचा आकडा घेतला तरी १८६८ येतात. तक्त्यात मी १८५० लिहीन. शेवटच्या अंकापर्यंत अचूकतेचा आव आणण्यात अर्थ नाही, गुणक निवडतानाच त्याहून मोठी चूक होऊ शकते.

लोक स्वतःच्या हालचाली वाढवून सांगतात, म्हणून गुणक ठरवण्याआधी कालचा दिवस तासातासाने विचारते.

प्रश्न: वजन कमी करायला किती द्याल?

रोज ५०० ची तूट धरली तर १८३४ मधून वजा करून १३३४ उरतात.

प्रश्न: हा तर तिचा आरएमआरच झाला. चूक तर नाही ना?

नाही सर, योगायोग आहे. १३३४ चे ०.३७५ पट नेमके ५०० होतात. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवातीला मी ३५० ते ४०० चीच तूट ठेवीन, म्हणजे साधारण १४५० किलोकॅलरी. प्रथिनं कमी पडू देणार नाही आणि चालणं वाढवायला सांगेन. एक किलो चरबीमागे ७७०० किलोकॅलरी हा जुना हिशोब पहिल्या काही आठवड्यांपुरता अंदाज देतो. वजन उतरतं तसा खर्चही घटतो आणि उतार मंदावतो. दर चार-सहा आठवड्यांनी नव्या वजनावर हिशोब पुन्हा करायचा.

प्रश्न: सूत्रात आत्ताचं वजन घ्यायचं की आदर्श?

मिफ्लिनमध्ये आत्ताचंच, कारण सूत्र प्रत्यक्ष वजनांवरच बेतलं आहे. खूप लठ्ठ रुग्णाला किलोमागे कॅलरीचा हिशोब लावताना समायोजित वजन वापरतात: आदर्श वजन अधिक जादा वजनाचा चौथा हिस्सा. इथे ४८.८ अधिक १९.२ चा चौथा हिस्सा, म्हणजे ५३.६. काही ठिकाणी चौथ्याऐवजी ४० टक्के घेतात, म्हणून कुठला गुणक घेतला ते सांगते.

प्रश्न: हीच बाई गरोदर राहिली तर?

वजन कमी करण्याचा बेत बंद. एफएओच्या शिफारशीनुसार पहिल्या तिमाहीत रोज ८५, दुसऱ्या तिमाहीत २८५ आणि तिसऱ्या तिमाहीत ४७५ किलोकॅलरी जादा. तिचं आधीचं वजन जास्त असल्याने गरोदरपणातली वाढ कमी अपेक्षित आहे, ती डॉक्टरांशी बोलून ठरवीन.

प्रश्न: रुग्ण अंथरुणाला खिळलेला आहे, उभा राहू शकत नाही. उंची?

गुडघ्याची उंची किंवा हाताच्या पसरटीवरून अंदाज घेईन, आणि केसपेपरवर 'अंदाजित' असं लिहीन.