कुरिअर कंपनीशी करार: कलम ९ आणि १० चा सारांश

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेला सतरा पानी इंग्रजी करार वाचून झाला. दर, पिकअपची वेळ, बिलाची मुदत हे तुम्ही बोलून ठरवलंय तसंच आहे. गोम आहे ती कलम ९ आणि १० मध्ये. नुकसान झालं तर कोणी किती भरायचं, ते तिथे लिहिलंय. सोमवारी त्यांचा माणूस सह्या घ्यायला येईल त्याआधी हे वाचा.

कलम ९ म्हणजे कंपनीची जबाबदारी कुठे संपते ते. पेटी हरवली किंवा आंबा चेपला, तर कंपनी त्या पेटीचं भाडं परत देणार, आंब्याची किंमत नाही. तुमची पाच डझनाची पेटी ३,५०० रुपयांना जाते आणि भाडं ३५० आहे. म्हणजे ६० पेट्यांची गाडी उलटली, तर तुमचे २,१०,००० गेले आणि हातात आले २१,०००.

तेही येतीलच असं नाही. पुढच्याच ओळीत आणखी एक मर्यादा आहे: घटनेच्या आधीच्या तीन महिन्यांत तुम्ही प्रत्यक्ष चुकती केलेली बिलं आणि वरचं भाडं, यांत जे कमी असेल ते. आपला हंगाम मार्च अखेरीला सुरू होणार, एप्रिलचं बिल तुम्ही मे महिन्यात भरणार. एप्रिलभर तुमचा ‘चुकता’ आकडा जवळपास शून्यच. माल सर्वांत जास्त जातो त्याच महिन्यात कंपनीची जबाबदारीही शून्य! वर्षभर माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेला मसुदा त्यांनी तसाच तुमच्यापुढे ठेवलाय, असा माझा अंदाज.

उशीर, घाटातली दरड, उष्णतेने माल खराब होणं हे त्यांनी सरसकट वगळलंय. दरडीचं एक वेळ समजू शकतो. पण गोदामात पेट्या दोन दिवस उन्हात पडल्या तर तो त्यांचा निष्काळजीपणा, आणि तोही याच वाक्यात लपतो. तक्रारीला २४ तास दिलेत, फोटोसह. पेटी मुंबईला गिऱ्हाईक कधी उघडणार, यावर तुमचा काही ताबा नाही.

आता कलम १०, भरपाईची हमी. हे जास्त जड आहे. ‘मालाशी संबंधित कोणताही दावा, दंड, वकील खर्च’ कंपनीवर आला, तर तो तुम्ही भरायचा, चूक कोणाचीही असो. याला रकमेची मर्यादा नाही. उदाहरण घ्या. तुम्ही पेंढ्यात घालून अर्धवट पिकलेला आंबा पाठवता. त्यांच्या गोदामात शेजारच्या कोणाच्या मालात कार्बाइड सापडलं, ज्यावर बंदी आहे, आणि तपासणीत तुमच्याही पेट्या अडकल्या. कंपनीचा वकील खर्च तुमच्या माथी. आणि कंपनीच्या ड्रायव्हरने कोणाला धडक दिली तर तुम्हाला उलट हमी? एक ओळसुद्धा नाही.

१०.२ नुसार कंपनी तुम्हाला न विचारता तडजोड करू शकते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२५ प्रमाणे हमी घेणाऱ्याला तडजोडीची रक्कम मिळते, पण ती तडजोड हमी देणाऱ्याच्या सूचनेविरुद्ध नसावी आणि शहाण्या माणसाने केली असती तशी असावी. हा आडोसाच करार काढून घेतो. १०.३ त्याहून वाईट: गिऱ्हाइकाकडून डिलिव्हरीला घेतलेल्या रोख रकमेतून कंपनी परस्पर वळती करणार. म्हणजे भांडायचं तुम्ही, आणि तेही पैसे त्यांच्या खिशात असताना.

माझं मत, असा करार सही करू नका. मी लिहून पाठवतो ते बदल मागा. मर्यादा पावतीवर जाहीर केलेल्या किमतीइतकी हवी. त्यासाठी पेटीमागे १५-२० रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या. ते नाही म्हणाले तर निदान भाड्याच्या दहापट. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांत नोंदणीकृत वाहकासाठी हाच आकडा आहे, त्यामुळे तो काही आपण हवेतून काढलेला नाही. त्याच कायद्यात दाव्यापूर्वीच्या नोटिशीला बुकिंगपासून १८० दिवस आहेत, तेव्हा २४ तासांऐवजी ७२ मागणं फार नाही.

हमी दोन्ही बाजूंनी आणि ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्यापुरतीच असावी. तुम्ही फक्त आंब्याचा दर्जा, पॅकिंग आणि तुमचा अन्न परवाना यांची हमी द्या, तीही वर्षाच्या बिलांच्या रकमेइतकीच. १०.३ पूर्ण काढायला लावा. बाकीवर मागेपुढे करू, यावर नाही.

‘हा आमचा ठरलेला फॉर्म आहे, बदलत नाही’ असं तो माणूस म्हणेलच. त्याला सांगा, बदल वेगळ्या पानावर लिहून दोघांनी सही केली तरी चालेल, मूळ फॉर्म तसाच राहू दे. फक्त त्या पानावर ‘कलम ९ आणि १० शी विसंगती असल्यास हे पान लागू’ ही ओळ हवीच. ती मी घातली आहे. तो तयार झाला तर सहीआधी मला फोन करा, मी दुपारी तीननंतर कोर्टातून मोकळा असतो.