एकच शेगडी

खोलीला ओटा नव्हता. खिडकीखाली स्टूल, त्यावर शेगडी, तीही एकच. भात होईपर्यंत भाजीनं थांबायचं. तो पलंगावर मांडी घालून कांदा चिरत होता, तेही डोळे मिटून.

"अरे, बोटं सांभाळ!"

"तू पाणी मोजलंस का?"

"पेरानं. आई तसंच मोजते."

"पण पेर कुणाचं, तुझं की आईंचं?"

ती हसली, तेवढ्यात पातेलं उतू गेलं. दोघंही धावले नि डोकी आपटली. भात खाली लागलेला, वर कच्चा. तिनं पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवलं, आच मंद केली. थोड्या वेळानं त्यानं शीत चिमटीत दाबून पाहिलं.

"शिजलाय गं! मीठ किती घातलंस?"

"मी? तू घातलंस ना?"