एकाच पार्सलवर दोनदा वसूल केलेली आयात ड्यूटी परत मिळण्याबाबत

दिनांक : 19 नोव्हेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आयात पार्सल विभाग, मुंबई

विषय : एअरवे बिल क्र. 4471 903 286, जर्मनीहून आलेले पार्सल. वसूल केलेले 9,675 रुपये परत मिळावेत.

महोदय,

मी वाईला राहते. भूगोलाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. घरच्या गच्चीवर सहा इंची दुर्बीण आहे आणि दर शनिवारी रात्री आसपासची मुले तिच्यातून आकाश बघायला येतात. या दुर्बिणीसाठी 19 ऑक्टोबर रोजी मी जर्मनीतल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक आयपीस मागवला. पार्सल तुमच्या कंपनीमार्फत आले.

पैसे भरतानाच विक्रेत्याच्या पानावर हिशेब स्पष्ट दिला होता : वस्तूची किंमत 26,640 रुपये, वाहतूक 2,150 रुपये आणि भारतातील आयात ड्यूटी व कर 8,924 रुपये. एकूण 37,714 रुपये मी कार्डाने भरले. दारात आल्यावर पैशांची घासाघीस नको, म्हणूनच ड्यूटी आधी भरण्याचा पर्याय मी निवडला होता.

मंगळवारी, 4 नोव्हेंबरला दुपारी तुमच्या कंपनीचा मुलगा पार्सल घेऊन आला आणि त्याने 9,675 रुपये मागितले. मी त्याला मोबाइलवर विक्रेत्याची पावती दाखवली. त्याने ती नीट वाचली आणि म्हणाला, “मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण माझ्या मशीनमध्ये रक्कम दिसतेय. भरल्याशिवाय देता येत नाही. परत नेलं तर पुण्याला जाईल, मग कधी येईल सांगता येत नाही.” खोक्यावरचे लेबल आम्ही दोघांनी एकत्र वाचले. त्यावर विक्रीची अट ‘डीडीपी’ अशी छापलेली होती, म्हणजे ड्यूटी पाठवणाऱ्याने भरायची. तुमच्या बिलावर मात्र ‘डीएपी’ होते, म्हणजे ती घेणाऱ्याने भरायची. एकाच पार्सलच्या दोन कागदांवर दोन वेगळ्या अटी होत्या. त्या मुलाविषयी माझी काहीही तक्रार नाही. तो सौजन्याने वागला आणि वितरणाच्या कागदावर ‘ड्यूटी विक्रेत्याकडे आधीच भरली आहे, हरकत नोंदवून पैसे देत आहे’ असे मला लिहू दिले. मी यूपीआयने पैसे भरले, कारण पार्सल परत जाऊ द्यायचे नव्हते. शनीची कडी या महिन्यात जवळजवळ कडेवरून, बारीक रेघेसारखी दिसत आहेत. असे दृश्य साधारण पंधरा वर्षांतून एकदा येते आणि मुलांना ते याच आठवड्यांत दाखवायचे होते.

तुमच्या बिलात 8,790 रुपये ड्यूटी, माझ्यातर्फे आधी भरणा केल्याबद्दल 750 रुपये आणि त्या 750 वर 18 टक्के जीएसटीचे 135 रुपये असे तपशील आहेत.

5 तारखेपासून मी तुमच्या ग्राहक सेवेशी पाच वेळा बोलले. दर वेळी उत्तर एकच मिळाले : “ड्यूटी कस्टम्सने घेतली आहे, परताव्यासाठी कस्टम्सकडे अर्ज करा.” हे उत्तर चुकीचे आहे आणि माझी खरी तक्रार याच उत्तराविषयी आहे.

माझ्या मागणीवरून तुमच्याच कार्यालयाने 10 नोव्हेंबरला मला कुरिअर बिल ऑफ एन्ट्री आणि भरणा चलन पाठवले. चलन एकच आहे, 30 ऑक्टोबरचे, 8,790 रुपयांचे. सरकारने या पार्सलवर एकदाच ड्यूटी घेतली आणि ती घेणे योग्यच होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग दुसऱ्यांदा कुणी घेतली? 12 नोव्हेंबरला विक्रेत्याने मला तुमच्या जर्मनीतील कार्यालयाने त्याला लावलेले बिल पाठवले. त्यात याच एअरवे बिल क्रमांकासमोर भारतातील ड्यूटी व करांची स्वतंत्र ओळ आहे. रक्कम युरोत आहे, त्या दिवसाच्या दराने साधारण 8,800 रुपये होते. विक्रेत्याने ते बिल भरल्याची बँक नोंदही सोबत दिली आहे. म्हणजे कस्टम्सला एकदा भरलेली रक्कम तुमच्या कंपनीने एकदा जर्मनीत विक्रेत्याकडून आणि एकदा वाईत माझ्याकडून घेतली. विक्रेत्याने मला लावलेले 8,924 आणि चलनावरचे 8,790 यांत 134 रुपयांचा फरक आहे. विक्रेता आपल्या दराने अंदाज बांधतो आणि कस्टम्स अधिसूचित विनिमय दर लावते, त्यामुळे तो आला असावा. त्यावर मी काही मागत नाही.

सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 27 खाली परताव्याचा अर्ज ड्यूटी जास्त भरली गेली असेल तर करायचा असतो आणि त्याला एक वर्षाची मुदत असते. इथे कस्टम्सकडे जास्तीचा एक रुपयाही जमा नाही. मी तिकडे अर्ज केला तर तो योग्य कारणानेच फेटाळला जाईल आणि तोवर माझे महिने वाया जातील. मला त्या वाटेला लावणे म्हणजे स्वतःजवळ असलेले पैसे दुसऱ्याच्या दाराशी शोधायला सांगणे आहे. तुमच्या प्रतिनिधींना हे ठाऊक नसेल तर त्यांना ते सांगितले पाहिजे. एखाद्याने खरोखर कस्टम्सकडे खेटे घातले असते. 750 रुपयांचे शुल्कही मी देणे लागत नाही. माझ्यातर्फे आगाऊ भरणा करायचा प्रश्नच नव्हता, कारण भरणा पाठवणाऱ्याच्या खात्यावर होता.

म्हणून माझी मागणी अशी की 9,675 रुपये, ड्यूटी, शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून, ज्या यूपीआय खात्यातून गेले त्यातच 4 डिसेंबर 2025 पर्यंत परत करावेत. माझ्या नावे काढलेले बिल रद्द करून त्याची क्रेडिट नोट ईमेलने पाठवावी. आणि ‘डीडीपी’ लेबलचे पार्सल तुमच्या मुंबई कार्यालयात ‘डीएपी’ कसे झाले, याचे लेखी कारण द्यावे. नोंद चुकून बदलली गेली असेल तर तसे लिहावे, मी ते मान्य करीन. पण माझ्यासारखे आणखी किती जण पार्सल परत जाईल या धास्तीने पैसे मोजून मोकळे झाले असतील, हे तुम्ही तपासायला हवे.

4 डिसेंबरपर्यंत पैसे परत आले नाहीत तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे आणि या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. तशी वेळ तुम्ही येऊ देणार नाही, अशी आशा आहे.

आयपीस उत्तम निघाला, पॅकिंगही चोख होते, हेही नोंदवते.

कळावे,
आपली विश्वासू,
मीनल सबनीस
गणपती आळी, वाई, जि. सातारा 412803

सोबत : विक्रेत्याची पावती, खोक्यावरील लेबलचे छायाचित्र, तुमचे 4 नोव्हेंबरचे बिल व यूपीआय पावती, हरकत लिहिलेल्या वितरण कागदाचे छायाचित्र, बिल ऑफ एन्ट्री व चलन, विक्रेत्याला लावलेले बिल व त्याच्या भरण्याची बँक नोंद.