मंजूसाठी, औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला

मंजू,

परवा तू फोनवर म्हणालीस की फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी "हसत राहा, सेवेतच देव आहे" पाठवतं आणि तुला मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटतो. आपटू नकोस, हप्ते चालू आहेत. ग्रुप म्यूट कर. त्याच्याऐवजी ही माझी वाक्यं ठेव. पाठ करायची नाहीत, रोज वाचायचीही नाहीत. ज्या वेळेला जे लागेल ते वाच, पटलं नाही तर पेनाने खोड. "मी खंबीर आहे" असलं यात काही लिहिलेलं नाही. मामंजी अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी ते वाक्य आरशासमोर म्हणून बघायचे आणि मलाच हसू यायचं.

रात्री तुझ्या सासूबाईंची कूस बदलायला उठशील तेव्हा:

गजर झाला. मला उठायचं नाहीये. तरी उठतेय. हसतमुखाने उठायला मला कुणी सांगितलेलं नाही.

माझी कंबर दुखतेय, कारण माझ्याहून जड माणसाला मी दर दोन तासांनी एकटी वळवते. हे मनाचे खेळ नाहीत. कंबर आहे ती.

दोनचा गजर आज ऐकूच आला नाही. आता वळवते. पाठ, माकडहाड आणि टाचा बघते. लाल दिसलं तर तिथे चोळणार नाही, त्या अंगावर झोपवणार नाही, सकाळी सिस्टरना दाखवेन. शिव्या घालायच्याच असतील तर गजराला घालेन, स्वतःला नाही.

नळीतून भरवताना:

पेज गाळली, सिरिंज भरली, उशाकडची बाजू उचलली. आजही तेच, उद्याही तेच. मला याचा कंटाळा आलाय. कंटाळूनही मी हात धुऊनच भरवतेय.

भरवून झाल्यावर अर्धा तास आईंना असंच बसतं ठेवायचं आहे. तेवढा वेळ मीही बसणार. ओट्यावरची भांडी कुठे पळून जात नाहीत.

डायपर बदलताना एकच वाक्य पुरे:

वास आला, मला उमासा आला. यावरून एवढंच कळतं की माझं नाक ठीक आहे.

आवाज चढला त्या दिवशी:

आईंनी नळी ओढून काढली. आता सिस्टरना बोलवा, पुन्हा घाला, पुन्हा पैसे. मी ओरडले. मग बाल्कनीत जाऊन उभी राहिले आणि परत आले.

त्यांना बोलता येत नाही. उजवी बाजू गेली तेव्हाच वाचाही गेली. त्यांना वाईट वाटलं का, त्यांनी सोडून दिलं का, हे मला कधीच कळणार नाही. ते न कळताच चारचं पाणी द्यायचं आहे.

मी "सॉरी आई" म्हणाले. तेवढ्यावर आज थांबते. रात्रभर उगाळत बसले तर उद्या पुन्हा ओरडेन.

आता तू ज्यावरून रडलीस आणि मग "काही नाही गं" म्हणून फोन ठेवलास, ते. मला कळलं होतं. मामंजींच्या वेळी मलाही तसं वाटलं होतं आणि त्यांचं तेरावं झाल्यावर माझ्या सासूबाईंनी स्वयंपाकघरात हळूच मला सांगितलं की त्यांच्याही मनात तेच यायचं. आपल्याकडे हे कुणी बोलत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं केलंय त्यांना एकेकटीला गाठून विचार, बहुतेकींच्या डोळ्यांत पाणी येईल. तर ही वाक्यं तुझ्यासाठी:

आज माझ्या मनात आलं, एकदाचं सुटू दे. त्यांनाही आणि मलाही.

असं मनात येणारी मी आणि आज सकाळी त्यांचे केस विंचरून बारीक वेणी घालणारी मी, दोन बायका नाहीत. एकच आहे, आणि ती फार दिवस नीट झोपलेली नाही.

हा विचार आला म्हणून मी देवासमोर नाक घासणार नाही. उपास करणार नाही. आधीच जेवायला तीन वाजतात.

पण स्वतःलाच संपवावंसं वाटू लागलं, किंवा त्यांच्यावर हात उगारावासा वाटला, तर मी खोलीत एकटी थांबणार नाही. शेजारच्या काकूंना हाक मारेन, आईंना त्यांच्यावर सोपवेन, आणि 14416 लावेन.

(हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी, फुकट, रात्रीबेरात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह कर, नाव काहीही दे.)

पाहुणे येतात तेव्हाची मोठ्याने म्हणायची आहेत. सवय नाही म्हणून पहिल्यांदा घशात अडकतील:

"पुण्य किती मिळतंय माहीत नाही, मावशी. तुम्ही दोन तास इथे बसाल का? मला झोपायचंय."

"मी बारीक झालेय ते डाएटमुळे नाही."

"भाऊजी, हळदीच्या दुधाचं बघते मी. ब्युरोच्या बाईंचे निम्मे पैसे या महिन्यापासून तुम्ही पाठवा." हे दिलीपरावांनी म्हणायला हवं खरं तर. ते म्हणणार नाहीत, म्हणून तू म्हण.

"आज चहा होणार नाही. डबा तिथे आहे, ज्याला हवा त्याने करून घ्या."

ब्युरोच्या बाई आल्या आणि तू बाहेर पडलीस, त्या दिवसासाठी:

मी रंकाळ्यावर भेळ खाल्ली. तिखट जास्त सांगितली. तासभर आई आठवल्या नाहीत.

आठवल्या नाहीत म्हणून घरी येऊन चादरी-उशांचे अभ्रे धुवायला काढणार नाही. भरपाई करण्यासारखं काही झालेलं नाही.

बाई माझ्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने चादर घालतात. घालू देत.

आणि काहीच जमणार नाही असे दिवस येतील, त्यांच्यासाठी लहान लहान वाक्यं. यांच्यापुढे जायचं नाही:

आज गोळ्या वेळेवर गेल्या. बाकी काही झालं नाही.

आज मला कुणावरच प्रेम वाटत नाहीये. काम होतंय.

आज मी आंघोळ केली.

कुणी "कशी आहेस?" विचारलं की तू "मजेत" म्हणतेस, लहानपणापासूनची सवय. त्या जागी "दमलेय" म्हण. पुढे स्पष्टीकरण देऊ नकोस. समोरचा गडबडेल, गडबडू दे. जो "मग मी काय करू?" असं विचारेल त्याला लगेच काम सांग, लाजू नकोस: मेडिकलमधून डायपरचं पाकीट, लाईटबिल, किंवा आईंपाशी बसून पेपर वाचून दाखवणं. त्यांना ऐकायला आवडतं, बातमी कुठलीही चालते.

शनिवारी मी येतेय. दुपारच्या गाडीने निघेन, रात्रीपर्यंत पोचते. त्या रात्री गजर माझ्या मोबाईलवर लावायचा आणि तू वरच्या खोलीत दार लावून झोपायचं. अंडरपॅड लार्जच ना? दोन पाकिटं घेतलीत. बार्लीचं पीठ तिकडे मिळत नव्हतं म्हणालीस, तेही आणते. आणखी काही हवं असेल तर शुक्रवारपर्यंत कळव.

ताई