विषय: रविवारच्या मीटिंगला मला जमणार नाही, शुक्रवारी रात्री अर्धा तास बसूया का?

सोमवार, 4 मे

सावंत काका, नमस्कार.

रविवार, 10 मेच्या कमिटी मीटिंगची नोटीस मिळाली. सकाळी 10 ते 1 मला येता येणार नाही. महिन्यातला हा रविवार मी बदलापूरला आईकडे असते. तिच्या गोळ्या, बाजारहाट, राहिलेली सगळी कामं त्याच दिवशी उरकते, आणि रविवारी मेगाब्लॉक असला की परतायला किती वाजतील ते सांगता येत नाही.

अडचण नुसती वेळेची असती तर मी पुढचा रविवार मागितला असता. पण तुम्ही नोटिशीसोबत पाठवलेले कागद काल रात्री नीट वाचले आणि वाटलं, तीन तासांचं काम तुम्ही आधीच उरकून ठेवलंय. स्ट्रक्चरल ऑडिटची तीन कोटेशन्स या कमिटीसमोर एकत्र पहिल्यांदाच आली आहेत. एका इंजिनिअरला तर तुम्ही दोनदा फोन केलात, हे मला वॉचमनकडून कळलं. म्हणून सुचवते: शुक्रवारी, 8 मेला रात्री 8:45 ला सोसायटी ऑफिसात बसू आणि 9:10 ला उठू. नोटीस आज रात्रीपर्यंत निघाली तर मधले तीन पूर्ण दिवसही मिळतात, कुणाला हरकत घ्यायला जागा राहत नाही.

पंचवीस मिनिटं पुरतील असं का वाटतं ते सांगते. ऑडिटची रक्कम कमिटीच्या खर्चमर्यादेबाहेरची आहे, म्हणजे मंजुरी सर्वसाधारण सभेलाच द्यावी लागणार. आपण फक्त शिफारस ठरवायची आहे. ऑडिट करायचं की नाही यावर तर बोलायलाच नको. आपल्या बिल्डिंगला वापर परवाना मिळून तीस वर्षं उलटली, आता कलम 265अ प्रमाणे ते करावंच लागतं.

कोटेशन्सबद्दल माझं मत इथेच लिहिते, म्हणजे शुक्रवारी मी बोलत बसणार नाही. 72,000 चं सगळ्यात स्वस्त दिसतं, पण त्यात कोअर टेस्ट नाही; दर कोअरला 4,500 वेगळे. बाकी दोघांनी सहा कोअर धरले आहेत. तेवढेच इथे धरले तर 27,000 वाढून हे 99,000 वर जातं, म्हणजे 96,000 वाल्याच्याही वर. त्या 96,000 वाल्याची अडचण निराळी आहे. त्याच्या लेटरहेडवर खाली बारीक अक्षरात दुरुस्तीची कंत्राटं घेतो असं छापलंय. तपासणाराच पुढे दुरुस्ती करणार असेल तर त्याला किती खांब खराब सापडतील, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. 1,18,000 वाला महाग आहे खरा, पण त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक आणि हाफ-सेल या तिन्ही चाचण्या आहेत, आणि मुख्य म्हणजे शेवटी कुठे किती दुरुस्ती लागेल याचा परिमाणांसकट तक्ता तो देणार आहे. तो तक्ता हातात असल्याशिवाय पुढच्या कंत्राटदारांचे दर एकमेकांशी ताडून बघता येणार नाहीत. 18 टक्के जीएसटी धरून 1,39,240 होतात, अठ्ठावीस फ्लॅटमध्ये प्रत्येकी पाच हजारांच्या आत. माझं मत याला. फक्त महापालिकेच्या पॅनेलवर त्याचं नाव आहे ना, हे त्याच्याकडून लेखी घ्यायला हवं. तुम्ही त्याच्याशी बोलला आहात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तुमचं मत वेगळं असेल तर शुक्रवारचा सगळा वेळ त्यालाच देऊ.

विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस पुरते, पण मे महिन्यात घाई करू नये असं वाटतं. निम्मी सोसायटी गावाला गेली आहे. कोरमला एकोणीस जण लागतात. नाही जमले तर अर्ध्या तासाने तहकूब सभा भरवून मंजुरी घेता येते, हे मान्य. पण सात जणांनी सव्वा लाखाच्या वरचा खर्च मंजूर केला की जूनमध्ये परतलेले एकवीस जण जिन्यात तुम्हालाच गाठणार. शाळा सुरू होतानाचा रविवार, 14 जून, बरा पडेल.

टाकी साफ करण्याबद्दल माझा होकार इथेच धरा. मागच्या वर्षीचाच माणूस पाचशे रुपये जास्त मागतोय, देऊन टाकू. पावसाआधी होऊ दे म्हणजे झालं.

उरलेले दोन विषय मात्र मीटिंगमध्ये घेऊ नयेत अशी विनंती आहे. 204 च्या छतातून येणारं पाणी 304 च्या बाथरूममधलं असेल तर उपविधींप्रमाणे तो खर्च त्या सभासदाचा. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असतं तर सोसायटीचा. प्लंबर एकदा बघून गेला की प्रश्न निम्मा सुटेल. सगळ्यांसमोर विषय निघाला तर दोघंही मागे हटणार नाहीत. तुम्ही दोघांनाही मुलांसारखं ओळखता, तुमच्या घरी चहावर बोलावलंत तर ऐकतील. मी हवी असेन तर शनिवारी संध्याकाळी येते.

थकबाकीचंही तसंच. खजिनदार म्हणून तो माझा विषय आहे. दोघांची नावं नऊ जणांत वाचली जाण्यापेक्षा मी गुरुवारपर्यंत हिशेबाचा तक्ता आणि पत्राचा मसुदा तुमच्याकडे आणून देते. त्यातल्या एकाची नोकरी जानेवारीत गेली आहे, हे फक्त तुम्हाला सांगते. त्याला हप्ते बांधून देता येतील.

हा मेल फक्त तुम्हालाच पाठवलाय, कमिटीला कॉपी केलेली नाही. मीटिंग तुम्ही बोलावली आहे, ती बदलायची की नाही हेही तुम्हीच ठरवायचं. पटलं तर नवी नोटीस तुमच्या नावानेच जाऊ दे. मी ती टाईप करून ठेवली आहे, होकार आला की पाठवते. सोबत तीनही कोटेशन्सचा एका पानाचा तुलनेचा तक्ता आहे, तो सगळ्यांना आधी द्या, म्हणजे मीटिंगमध्ये मोठ्याने वाचावा लागणार नाही. इतिवृत्त मी लिहीन.

आणि शुक्रवार नाहीच जमला, किंवा रविवारीच सगळे मिळणार असतील, तर मीटिंग माझ्यामुळे थांबवू नका. ऑडिट आणि टाकीबद्दल वर लिहिलेलं माझं मत म्हणून वाचून दाखवा. बहुमताने वेगळं ठरलं तरी नंतर मी खुसपट काढणार नाही, चेकवर सही करीन.

दुपारी दोननंतर फोन केलात तर निवांत बोलता येईल, तोवर ऑफिसात असते. काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
मेघना
खजिनदार, 402
पाचपाखाडी, ठाणे

ता. क. सोसायटी ऑफिसातली ट्यूबलाइट गेली आहे, शुक्रवारच्या आत मी बदलून घेते.